कॅथोडिक प्रोटेक्शनच्या नावाखाली आम्हाला कसं लुटलं, पाईप जमिनीत असेल तर वाचाच

हे लिहिताना अजून डोकं तापतंय आणि चारचौघांत सांगायची लाजही वाटते, पण गप्प बसलो तर तो माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पाईपलाईनवर हेच करणार, म्हणून सगळे आकडे देतो.

आमची ६ इंची स्टीलची पाण्याची लाईन, बाहेरचा व्यास १६८ मिमी, लांबी २ किलोमीटर, जमिनीखाली, वर टेपचं कोटिंग. लाईन जुनी, म्हणून कॅथोडिक प्रोटेक्शन करायचं ठरलं, म्हणजे पाईपला वायरने मॅग्नेशियमचे एनोड जोडायचे, ते झिजत राहतात आणि त्यांच्या करंटने पाईप गंजायचा वाचतो. काम एका कंत्राटदाराला दिलं. ठरलं होतं ते असं: हाय पोटेन्शियल, म्हणजे जास्त व्होल्टेज देणाऱ्या मॅग्नेशियमचे १० एनोड, रीडिंग घ्यायला ५ टेस्ट पोस्ट, प्रत्येक पोस्टला दोन. बिलात लिहिलं "एनोड, २० किलो, १० नग", दर किलोवर, म्हणजे २०० किलोचे पैसे, त्यातले ९० टक्के काम संपताच दिले.

पहिली चोरी इथेच आहे. एनोड कापडी पिशवीत येतो, भोवती जिप्सम, बेंटोनाइट आणि थोडं सोडियम सल्फेट भरलेलं असतं, आणि २० किलो हे त्या भरलेल्या पिशवीचं वजन. आत धातू ७.७ किलो असायला हवा होता. दर किलोवर असेल तर बिलावर "नुसत्या धातूचं वजन" असे शब्द लिहून घ्या, नाहीतर पावडर मॅग्नेशियमच्या भावाने विकत घ्याल.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप लागत नाही. हँडओव्हरच्या दिवशी मी पोस्टजवळ त्याच्या शेजारीच उभा होतो. डबीत दोन वायरी, एक पाईपची, एक एनोडची, मध्ये पितळी पट्टीची लिंक. मोजायला आधार म्हणून कॉपर सल्फेटचा हाफ सेल ओल्या मातीवर टेकवला, मीटर लावला, आकडा उणे ०.७० व्होल्टच्या आसपास. मग म्हणाला "थांबा, खरं रीडिंग लिंक काढून घेतात", पट्टी काढली, क्लिप बदलली आणि आकडा एकदम उणे १.५४ वर गेला. पाचही पोस्टवर तेच: १.५४, १.५३, १.५५, १.५४, १.५३. पाईप गंजू नये म्हणून उणे ०.८५ च्या पलीकडे पाहिजे हे मला माहीत होतं, हे तर कितीतरी पलीकडे, त्याच्या रिपोर्टवर सही केली.

लिंक काढणं बरोबरच आहे हो, तसंच मोजतात, म्हणूनच तर शंका आली नाही! पण लिंक काढली की पाईपला करंट मिळणं थांबतं, म्हणजे पाईपचं रीडिंग शून्याच्या दिशेने सरकायला पाहिजे, उणे ०.९५ चं उणे ०.८८ वगैरे. ते वाढूच शकत नाही. वाढलं कारण क्लिप एनोडच्या वायरला लावली होती, तो पाईप मोजतच नव्हता, मोकळा मॅग्नेशियमचा तुकडा मोजत होता. आणि पाईप खरंच इतका उणे असता तरी आनंदाची गोष्ट नाही, उणे १.२ च्या पुढे कोटिंग सुटायला लागतं. वर त्याच रिपोर्टने त्याची दुसरी चोरीही पकडून दिली: साधं मॅग्नेशियम मोकळं असताना साधारण उणे १.५५ दाखवतं, हाय पोटेन्शियल उणे १.७५. पैसे घेतले १.७५ वाल्याचे. पण रीडिंग घेणाऱ्या माणसाची क्लिप कुठल्या वायरला आहे हे कोण बघत बसतो, सांगा ना?

तिसऱ्या वर्षी लाईन फुटली. दुसऱ्या जाणकाराला बोलावलं, त्याने लिंक लावून पाईपच्याच वायरवर मोजलं, उणे ०.७०. खोदलं तर प्रत्येक पोस्टला एकच एनोड. "दोघांच्या वायरी खालीच जोडल्यात" असं तेव्हा सांगितलं होतं, खाली दुसरा नव्हताच. पिशवी फाडून, धुऊन वजन केलं, धातू ३ किलो, तीन वर्षांत झिजलेला धरला तर मूळचा ४ किलोच्या आसपास. म्हणजे २०० किलोचे पैसे आणि जमिनीत मॅग्नेशियम २० किलो!!

हिशोब कुणी आधी समजावला असता तर हे झालंच नसतं, अवघड काहीच नाही. पाईपचा पृष्ठभाग काढा, ३.१४ गुणिले ०.१६८ गुणिले २०००, साधारण १०५५ चौरस मीटर. टेपचं कोटिंग २ टक्के खराब धरलं तर उघडं स्टील २१ चौरस मीटर, त्याला चौरस मीटरमागे २० मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ४२० मिलिअँपिअर लागतात. आमच्या मातीची रेझिस्टिव्हिटी ३० ओहम-मीटर, त्यात एका पिशवीचा रेझिस्टन्स साधारण १८ ओहम येतो. हाय पोटेन्शियल एनोड आणि उणे ०.८५ वरचा पाईप यांत ०.९ व्होल्टचा फरक, भागिले १८, एकाचे ५० मिलिअँपिअर. दहा एनोडचे ५००, पुरले असते. आमच्या पाच एनोडमधून प्रत्यक्ष ४५-४५ निघत होते, म्हणजे २२५, गरजेच्या निम्म्याला जेमतेम.

वजनाचा हिशोब वेगळा करायचा, दोन्ही बसले पाहिजेत. एक अँपिअर वर्षभर द्यायला साधारण ७.९ किलो मॅग्नेशियम झिजतं. ०.४२ गुणिले १५ वर्षं गुणिले ७.९ म्हणजे ५० किलो, एनोड शेवटपर्यंत वापरला जात नाही म्हणून ०.८५ ने भागा, ५९ किलो. ७.७ चे दहा म्हणजे ७७, व्यवस्थित. तुमचं कोटिंग आणि माती वेगळी असेल, आकडे तुमचे घाला, माती मोजून घ्या, अंदाजाने नको.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा. अहो, पाच एनोड कमी पुरले ही चोरी नाही तर काय? त्यांनी विचारलं "पुरलेलं होतं की नाही याचा फोटो आहे का", खड्डा बुजवल्यावर फोटो कुठून आणू! ज्या तपासणी एजन्सीने रिपोर्टवर शिक्का मारला ती म्हणते आम्ही कागद तपासतो, जागेवर जात नाही. मग पाच पोस्टचे आकडे जवळजवळ सारखेच कसे आले हे कागदावरसुद्धा दिसलं नाही का? २ किलोमीटरच्या लाईनवर पाईप असा सगळीकडे एकसारखा येतो का कधी? त्यांच्या वरच्या ऑफिसला पत्र दिलं, उत्तर आलं की संबंधित एजन्सीशी संपर्क साधा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच परत. खड्डा बुजवायच्या आधी प्रत्येक एनोडचा फोटो आणि वजन, हे विसरू नका.

आणि निर्लज्जपणा बघा, लाईन फुटल्यावर तोच माणूस म्हणाला एनोडने होणार नाही, इम्प्रेस्ड करंट घ्या, म्हणजे रेक्टिफायर लावून बाहेरून वीज द्यायची, आणि ५० व्होल्ट २५ अँपिअरच्या रेक्टिफायरचं कोटेशन पाठवलं. गरज ०.४२ अँपिअरची! पुढे कोटिंग बिघडेल म्हणून १ अँपिअर धरू, ग्राउंड बेड, म्हणजे त्यासाठी जमिनीत पुरलेले एनोड, ४ ओहमचा असेल तर ४ व्होल्ट, बेडचा उलटा व्होल्टेज २, झाले ६. बारा व्होल्टचं छोटं युनिट भरपूर झालं. लाईन लांबलचक असेल, कोटिंग गेलेलं असेल किंवा माती इतकी कोरडी की एनोडमधून करंटच निघत नाही, तिथे ते घ्यावंच लागतं, पण कुणी देत असेल तर वायर स्वतः बघा, निगेटिव्ह पाईपला, पॉझिटिव्ह बेडला. उलटं लागलं तर पाईपच एनोड होतो आणि आहे तो पाईपही खाऊन टाकतो.

आम्ही नवीन दहा एनोड दुसऱ्याकडून, धातू वजन करून, बसवले. सगळ्या लिंक एकाच वेळी काढून, क्लिप पाईपच्या वायरवर ठेवून, मोजलं तर सगळ्यात कमी पोस्टला उणे ०.८९ आलं. पहिल्याचे उरलेले १० टक्के मागणारे फोन अजून येतात, ते मी देणार नाही.