सात महिने कॅमेरा अलर्टवर गाडी चालवली, त्याचा हिशोब (एका चलानासह)

प्रभादेवी ते नरिमन पॉइंट, आठवड्याचे पाच दिवस, स्वतःची गाडी. वरळीला किनारी रस्त्यावर चढायचं, बोगद्यातून गिरगाव चौपाटीला बाहेर पडायचं आणि मरीन ड्राइव्हने ऑफिस. वाट तोंडपाठ आहे, त्यामुळे नकाशाच्या ॲपची मला रस्ता विचारायला गरजच नाही. मी ते लावते दोनच गोष्टींसाठी: वेगाचा आकडा आणि ‘पुढे कॅमेरा आहे’ हा इशारा. ॲपचं नाव लिहीत नाही. खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं कुठल्याही ॲपला लागू पडेल.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी यावर लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. कारण तेव्हा मला एक शोध लागला होता. गाडीचा काटा ८० दाखवत असतो तेव्हा ॲपवर ७५ असतात. आधी वाटलं ॲप चुकतंय. मग कळलं की काटाच मुद्दाम जास्त दाखवतो. नियमच तसा आहे: काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त मात्र चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर चार किलोमीटर इतकं. कंपन्या म्हणून हात राखून काटा लावतात. उपग्रहावरून काढलेला वेग मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात त्याहून खरा असतो. म्हणजे काट्यावर ८० दिसले तरी ८० च्या मर्यादेला अजून पाच शिल्लक! फुकट मिळालेले पाच किलोमीटर कोण सोडतं? मी काट्याकडे बघणंच बंद केलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच मला महागात पडला.

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. वरळीला चढण्याआधी एका सिग्नलपाशी खांबावर साधा सीसीटीव्ही आहे. रोज सकाळी तिथे ॲप ओरडतं, ‘पुढे स्पीड कॅमेरा.’ त्या चौकात सकाळी नऊला माणूस चालत पुढे जाईल. स्पीड पकडायचा तर आधी स्पीड असायला हवा! इशाऱ्याखाली ‘अजून आहे का?’ असं विचारतात, तिथे मी रोज ‘नाही’ दाबलं. रोज. लेक म्हणाली, “आई, तू ऑफिसला जातेस की त्या खांबाशी भांडायला?” महिनाभराने कळलं की मी चुकीच्या दारावर थापा मारत होते. अशा ॲपमध्ये दोन प्रकारची माहिती असते. वापरणाऱ्यांनी आत्ता कळवलेली, म्हणजे उभी असलेली पोलिसांची गाडी, बंद पडलेला टेंपो, तुंबलेलं पाणी. ती ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी लवकर उडते आणि कोणी काहीच बोललं नाही तरी थोड्या वेळाने आपोआप विझते. कायमचे कॅमेरे मात्र वेगळ्या यादीत असतात. तिथे नकाशा दुरुस्त करणाऱ्या माणसाने तो बिंदू काढावा लागतो. कधीतरी कोणीतरी खांबावर कॅमेरा बघितला, स्पीड कॅमेरा म्हणून टाकला आणि तो तिथे बसला. मुंबईत खांबाखांबावर कॅमेरे आहेत; कुठला नंबर प्लेट वाचतो, कुठला लाल सिग्नल तोडणाऱ्याला धरतो आणि कुठला नुसता बघत बसतो, हे खालून कोणाला कळणार?

शिवाय कॅमेरा कुठल्या दिशेच्या गाड्यांसाठी आहे हेही यादीत लिहिलेलं असावं लागतं. ते नसेल तर समोरून येणाऱ्यांचा कॅमेरा आपल्यालाही ऐकवला जातो. पुलाच्या वर आणि खाली दोन रस्ते असतील तिथेही हेच, कारण फोनला आपण नकाशावर कुठे आहोत ते साधारण पाच-दहा मीटरच्या फरकाने कळतं आणि वरचा रस्ता की खालचा हे तो बहुतेक अंदाजानेच ठरवतो.

तर त्या खांबाला कंटाळून मी सेटिंगमध्ये गेले आणि दोन गोष्टी केल्या. कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. आणि वेग ओलांडल्याचा इशारा ‘मर्यादेच्या १० वर गेल्यावर’ असा ठेवला, कारण मर्यादा ओलांडली रे ओलांडली की ते टुंग वाजतं आणि माझं डोकं उठतं. खूप शांत वाटलं. ती शांतता सहा आठवडे टिकली.

मग मेसेज आला. चलान, रुपये २०००. ठिकाण बोगदा, वेग ७४, मर्यादा ६०. किनारी रस्त्यावर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६० हे मला माहीत होतं, अगदी पाठ. मी ह्यांना म्हटलं, चलान चुकीचं आहे, मला पक्कं आठवतंय, बोगद्यात शिरल्यावर स्क्रीनवर ५८ होते. पुढे एक टॅक्सी होती, तिच्यामुळेच ५८ होते. ह्यांचं उत्तर: “स्क्रीनवर होते. गाडीचे किती होते?”

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला मी आणि लेक परत त्याच बोगद्यात गेलो. लेक शेजारी बसून दोन्ही आकडे मोठ्याने वाचत होती. मी ठरवून ॲपवर ५८ ठेवून आत शिरले आणि आत गेल्यागेल्या वेग काट्यावर ५४ पर्यंत खाली आणला, म्हणजे खरे ५० धरा. ॲपवर ५८. अर्धा मिनिट झालं, ५८. “आई, हे अडकलंय,” लेक म्हणाली. अडकलेलं नव्हतं, निळा बाण मस्त पुढे सरकत होता. आत उपग्रहाचा सिग्नल पोचतच नाही, त्यामुळे ॲप शेवटचा माहीत असलेला वेग धरून बाणाला आपल्या मनाने पुढे ढकलत होतं. बोगदा २.०७ किलोमीटरचा आहे. ५८ ने तो साधारण १२८ सेकंदांत संपतो, ५० ने १४९ सेकंदांत. म्हणजे बाण आमच्या वीसेक सेकंद आधी बाहेर पडायला हवा होता. पडलाच. आमच्या डोक्यावर अजून बोगद्याचे दिवे होते आणि बाण चौपाटीला पोचून पुढच्या वळणाचं सांगत होता. लेक इतकी हसली की शेवटचे आकडे वाचायचेच राहिले.

फोनला आत नेटवर्क मिळतं, गाणी चालू राहतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं चालू आहे. पण मोबाइलच्या टॉवरवरून काढलेली जागा इतकी ढोबळ असते की तिच्यावरून वेग निघत नाही.

आता चलानाच्या दिवसाचा हिशोब उलटा मांडा. मी ५८ ने शिरले, टॅक्सी लेन बदलून गेली, सुरुवातीला उतार आहे, गाडी आपोआप ७४ ला पोचली. काट्यावर ७९-८० दिसत असणार, पण काट्याकडे मी बघतच नव्हते ना, शहाणी! स्क्रीन म्हणत होती ५८. इशारा तर मी १० वर ठेवलेला, म्हणजे ७० नंतर वाजला असता; पण ॲपच्या लेखी मी ५८ वरच होते, मग ते वाजणार कशाला? इशारा लगेचवर ठेवला असता तरी हेच झालं असतं.

बरं, कॅमेऱ्याचा आवाज चालू असता तर? मी हेही कागदावर करून बघितलं. समजा कॅमेरा बोगद्यात बरोबर नोंदलेला आहे आणि ॲप ३०० मीटर आधी सांगतं. मोकळ्या रस्त्यावर ७४ च्या वेगात ३०० मीटर म्हणजे साडेचौदा सेकंद, भरपूर झाले. पण आत मिनिटभरात माझी गाडी १२३३ मीटर गेली आणि ५८ ने चालणारा बाण ९६७. बाण मागे २६७ मीटर. म्हणजे इशारा ऐकू येताना कॅमेरा माझ्यापासून जेमतेम ३३ मीटरवर, दीड-पावणेदोन सेकंद. तेवढ्यात पाय ब्रेककडे जातो फक्त. बोगद्यात जितकं आत जाल तितका हा फरक वाढतो, आणि वेग जास्त असेल तर इशारा उशिरा येतो, म्हणजे नेमका ज्याला हवा त्यालाच मिळत नाही.

७४ ने जाऊन ६० च्या तुलनेत वाचवले साधारण २४ सेकंद. सेकंदाला ८३ रुपये. रिक्षाच्या मीटरचं वेटिंग यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

उपाय काही सापडले का? ॲपमध्ये बोगद्यांसाठी ब्लूटूथ बीकन वापरायचं सेटिंग आहे, ते चालू केलं. त्याचा उपयोग बोगद्यात तशी यंत्रं लावलेली असतील तरच. माझ्या फोनवर काही फरक दिसला नाही. भाऊजींच्या नव्या गाडीत मात्र फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला तर बाण जागेवर राहिला, आकडाही बदलत होता. काही गाड्या चाकांचा वेग ॲपला देतात, ती त्यातली असावी. त्यासाठी नवी गाडी घ्यायची माझी तयारी नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते, नाहीतर अन्याय होईल. जुलैतल्या त्या पावसात परत येताना ॲपने हिंदमाताला पाणी भरल्याचं दादरच्या अलीकडे सांगितलं आणि मी वळले. इंजिनात पाणी गेलं असतं तर २००० रुपयांत सुटले नसते. संध्याकाळी सातला तिथून शेकडो गाड्या जातात, कोणीतरी कळवतंच, आणि म्हणून ती माहिती ताजी असते. रात्री दोनला त्याच जागी तेच ॲप गप्प असेल, कारण सांगायला कोणी गेलेलंच नसतं. खड्ड्यांचं त्याहून वाईट: भरलेला खड्डा गणपतीपर्यंत वाजत राहतो आणि कालच पडलेल्या खड्ड्याचा पत्ता नसतो.

सध्याची माझी मांडणी अशी आहे. कॅमेऱ्याचा आवाज परत चालू. वेगाचा इशारा ‘लगेच’वर. बोगद्याच्या तोंडाशी काटा ६० वर आणते, म्हणजे खरे ५५-५६ होतात, आणि बाहेर पडेपर्यंत फोनकडे बघत नाही. तीन तारे ठेवलेत, त्यातला एक हिंदमाताचा.

चलान मी अजून भरलेलं नाही. शेजारचे काका म्हणतात लोकअदालतीची वाट बघा, कमी होतं. हे म्हणतात आधी भरून मोकळी हो. आणि तो खांब आज सकाळीही ओरडला.