पुश नोटिफिकेशनचा मधला प्लॅन: काही महिने वापरल्यानंतर

आमची बाजारभावाची छोटी वेबसाइट आहे. कांदा, टोमॅटो, सोयाबीन. सबस्क्रायबर साधारण ८,०००. त्यांच्या ब्राउझरवर भावाचे मेसेज पाठवणाऱ्या सेवेचा फुकटचा प्लॅन २,००० वर थांबायचा, म्हणून मधला घेतला: १०,००० सबस्क्रायबर, महिन्याला अडीच लाख मेसेज आणि टॅग लावून पाच सेगमेंट, म्हणजे सबस्क्रायबरचे गट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आखणी बऱ्याच ठिकाणी अशीच दिसते.

प्लॅन घेताना सगळे सबस्क्रायबरचा आकडा बघतात, पण आधी संपतात ते मेसेज. सकाळचा एकच मेसेज सगळ्यांना रोज पाठवला तरी ३१ दिवसांच्या महिन्यात २ लाख ४८ हजार होतात. उरले दोन हजार. दुपारनंतर लासलगावला कांदा पडला, तर ते कळवायचं कशातून?

इथे सेगमेंट कामी आले. सोयाबीनवाले ३,००० जण. हंगाम सरल्यावर त्यांना रोज भाव नकोच असतो. त्यांना फक्त रविवारचा आढावा ठेवला. चार रविवार धरले तर ९३ हजारांऐवजी १२ हजार मेसेज लागले, ८१ हजार वाचले. तेवढ्यात ३,००० कांदावाल्यांना रविवार सोडून उरलेले २७ दिवस संध्याकाळचा भावही जातो. वरचा प्लॅन घ्यावा लागला नाही. मात्र टॅग परवानगी घेतानाच लावा, कोणतं पीक हवं ते तिथेच विचारा. जुन्या लोकांना नंतर टॅग लावायचा तर ते पुन्हा साइटवर यावे लागतात.

आता खटकणारी बाजू. सबस्क्रायबर म्हणजे माणूस नव्हे, ब्राउझर. एकाच व्यापाऱ्याचा फोन आणि दुकानातला कॉम्प्युटर मिळून दोन धरले जातात. शिवाय परवानगी काढून घेतलेला ब्राउझर यादीत तसाच राहतो. त्याला मेसेज पाठवला आणि पलीकडून `410`, म्हणजे हा पत्ता आता नाही असं उत्तर, आलं की मगच नाव निघतं. आठवड्यातून एकदाच मेसेज जाणाऱ्या सोयाबीनच्या यादीत म्हणूनच जास्त मढी साठतात. आणि बिल लागतं महिन्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर, महिनाअखेरच्या नाही. ‘महिनाभर एकदाही न उघडणारे’ असा सेगमेंट करता आला, तर त्यांना कमी मेसेज पाठवून बचत होईल. पण वागणुकीवरून गाळण्याची सोय फक्त महागड्या प्लॅनमध्ये. हे मला पटत नाही.

आयफोनवाल्यांचा हिशेब वेगळाच धरा. iOS १६.४ पासून वेब पुश चालतं, पण साइट होम स्क्रीनवर जोडली तरच. आमच्याकडे तेवढा खटाटोप फारसा कोणी करत नाही.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: VAPID ची खासगी की, म्हणजे मेसेज आपल्याकडूनच आल्याची खूण पटवणारी गुप्त किल्ली, सोडून जाताना देणार का? सबस्क्रिप्शन त्या कीला बांधलेलं असतं. ती हातात नसेल, तर दुसऱ्या सेवेकडे जाताना नुसती यादी नेऊन उपयोग नाही, प्रत्येकाला साइटवर आणून नव्याने जोडावं लागतं.