३१ मार्चला माझी सहाशे युनिट गेली: अमळनेरच्या गच्चीवरचं सोलर, आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. खर्च एक लाख नव्वद हजार. दहा टक्के हातचे घातले, बाकी एक लाख एकाहत्तर हजारांचं कर्ज, दहा वर्षांसाठी, सात टक्क्यांनी. हप्ता १,९८५ रुपये.

जानेवारीपर्यंत मी वैतागलेलो होतो. हिवाळ्यात आमचा वापर जेमतेम १७० युनिट, बिल सतराशेच्या आसपास यायचं. सोलरनंतर ते दीडशेवर आलं, स्थिर आकार काही सुटत नाही. म्हणजे वाचले साधारण साडेपंधराशे आणि हप्ता गेला जवळजवळ दोन हजार. दर महिन्याला चारशे रुपये खिशातून. शेजारचे काका विचारायचे, "काय भो, बिल कितलं उनं?" सांगायला जीभ रेटत नव्हती.

मनाला एकच आधार होता. महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट जास्तीची तयार होत होती आणि बिलावर पुढे ओढली जात होती. मार्चअखेर सहाशे साठली. म्हटलं, एप्रिल-मेमध्ये कूलर-एसीला हीच पुरतील.

एप्रिलचं बिल हातात आलं तर शिल्लक शून्य! नेट मीटरिंगचं, म्हणजे ग्रिडला दिलेल्या आणि ग्रिडकडून घेतलेल्या युनिटच्या हिशेबाचं खातं आर्थिक वर्षाचं असतं. ३१ मार्चला उरलेली युनिट किरकोळ दराने विकत घेतली जातात आणि खातं नव्याने सुरू होतं. खान्देशात याचा फटका जास्त, कारण आपली बचत थंडीत साठते आणि खरा खर्च १ एप्रिलनंतर सुरू होतो. बसवणाऱ्याने हे एका शब्दाने सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

पण मेचं बिल आलं आणि माझं मत बदललं. वापर ५२० युनिट, सोलरने दिली ३६५. बिल साडेपंधराशे. गेल्या मेमध्ये याच वापराला सात हजारांवर भरले होते. तीनशेच्या वरची महागडी युनिटच सोलरने आधी कापली. म्हणून दोन किलोवॉटवर भागवलं नाही याचं समाधान आहे. हिवाळ्यात ते पुरलं असतं, पण उन्हाळ्यात महिन्याला अडीचशेहून जास्त युनिट कमी पडली असती.

सबसिडीचे ७८,००० दोन महिन्यांनी बचत खात्यात आले. ते तसेच कर्जात भरले. बँकेतले साहेब हप्ता कमी करून देत होते. मी लेखी अर्ज दिला, हप्ता तोच ठेवा, मुदत घटवा. आता दहाऐवजी साडेचार वर्षांत कर्ज फिटतं. हा अर्ज केला नसता तर व्याज वर्षानुवर्षं चालू राहिलं असतं.

येत्या डिसेंबरपासून पाणी गॅसऐवजी गिझरवर तापेल, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुरडया-पापडांचं सगळं दळण घरघंटीवरच होईल. पुढच्या ३१ मार्चला खात्यात पन्नास युनिटसुद्धा उरू द्यायची नाहीत, असं आईने आणि मी ठरवलंय.