पश्चिमेला दोन, की समोरासमोर? कोकणातल्या खोलीच्या खिडक्या

गुहागरजवळ माझ्या चुलतभावाचं घर बांधून होतंय. जोत्यावर चिऱ्याचे दोन थर चढले आणि वहिनींचा फोन आला. "भावोजी, वायव्येच्या खोलीला दोन खिडक्या बसतील एवढेच पैसे आहेत. दोन्ही समुद्राकडे घेऊ का? मिस्त्री म्हणतो, वारा दुप्पट येईल."

मी घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. खोली 12 बाय 10 फुटांची, छत 10 फुटांवर. पश्चिम आणि उत्तर भिंती बाहेरच्या, पूर्वेला माजघर आणि तिकडेच दार. म्हणजे पर्याय तीन: दोन्ही खिडक्या पश्चिमेला, एक पश्चिमेला नि एक उत्तरेला, किंवा एक पश्चिमेला आणि हवेची वाट दारावरून माजघरात.

पहिला पर्याय मी लगेच बाद केला. वारा भिंतीवर आदळला की तिथला दाब वाढतो, आणि घराला वळसा घालून पुढे जाताना मागच्या व बाजूच्या भिंतींवर ओढ तयार होते. खोलीतून हवा फिरते ती या दाब आणि ओढीतल्या फरकावर. ताशी 11 किलोमीटरचा वारा चौरस मीटरमागे जेमतेम अर्धा किलोचा दाब देतो. एवढ्याशा भांडवलावर सगळा व्यवहार, त्यात दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत असल्या तर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दाब. हवा आत शिरायला बघते, पण बाहेर जायला वाटच नसते. पडदे जरा फुगतात आणि तसेच लोंबत राहतात. समुद्र मात्र दोन्हींतून दिसतो, हे खरं.

दुसरा पर्याय, पश्चिम आणि उत्तर, कागदावर उत्तम दिसतो. वारा सरळ पश्चिमेकडून आला तर पश्चिम भिंतीवर दाब, उत्तरेवर ओढ, आणि हवा वळण घेत खोलीतून जाते. पुस्तकातल्या आकृतीत हेच असतं. पण आपल्या किनाऱ्यावर मार्च ते मे दुपारचा खारा वारा बऱ्याचदा वायव्येकडून येतो. खोलीही वायव्येच्याच कोपऱ्यात. मग वारा दोन्ही भिंतींवर तिरका आदळतो, दोन्हींवर दाब, आणि आपण परत पहिल्या पर्यायाशी. नेमकी घामाने निथळायची वेळ आणि तेव्हाच ही जोडी आळसावते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की तीच जोडी छान चालते, पण तेव्हा झडीमुळे पश्चिमेची खिडकी बंदच असते. नैर्ऋत्य कोपऱ्याच्या खोलीत पश्चिम-दक्षिण जोडी घेतली तर याच्या उलट: उन्हाळ्यात बरी, पावसाळ्यात सुस्त.

यावर एक उपाय आहे, आणि तो पैशाचा नाही, बिजागरीचा आहे. उत्तरेच्या खिडकीला बाहेर उघडणारं एकच पाखं घ्यायचं आणि त्याच्या बिजागऱ्या पश्चिमेकडच्या उभ्या चौकटीला लावायच्या. पाखं भिंतीशी काटकोनात उभं राहिलं की वायव्येचा वारा त्याच्यावर अडतो, मागे आडोसा पडतो, आणि दाबाऐवजी ओढ तयार होते. पूर्वेकडच्या चौकटीला बिजागऱ्या लावल्या तर तेच पाखं वारा पकडून आत ढकलतं, म्हणजे दोन्ही खिडक्या आत ढकलणाऱ्या. काटकोनात धरून ठेवायला मजबूत कडी हवी, नाहीतर वाऱ्याने आपटून काच जायची. सरकत्या खिडकीत यातलं काहीच जमत नाही. शिवाय ती निम्मीच उघडते: 4 बाय 4 ची खिडकी 16 चौरस फुटांची, हवेला मिळतात 8.

तिसरा पर्याय रात्रीचा. अंधार पडल्यावर वारा काही काळ पडतो, आणि मग जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो. तो मंद असतो आणि पूर्वेकडून येतो. तेव्हा पश्चिम आणि उत्तर दोन्ही भिंतींवर ओढच, फरक थोडासा. झोपायच्या खोलीला हे फार महत्त्वाचं, कारण खोलीत माणूस असतो तो रात्री. पूर्व-पश्चिम वाट मोकळी असली तर दिवसा खारा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, रात्री मतलई उलटा येतो, आणि आपल्याला काही बदलावं लागत नाही.

पण मध्ये दार आहे, आणि रात्री ते बंद असतं. वहिनींना हे पटायला आकडा लागला, म्हणून हिशोब मांडला. झाडांतून गाळून खिडकीपर्यंत ताशी साडेतीन-चार किलोमीटरचा वारा येतो असं धरा. खिडकीत 8 चौरस फूट मोकळे आणि समोरच्या भिंतीतही तेवढेच असते, तर या खोलीतली हवा साधारण दोन मिनिटांत बदलते. आता समोर नुसतं बंद दार, खाली बोटभर फट. हवा एकामागून एक भोकांतून जाते तेव्हा सगळ्यात अरुंद भोकच तिचा वेग ठरवतं, त्यामुळे दोन मिनिटांचे सव्वा-दीड तास होतात. पश्चिमेची खिडकी दुप्पट करून काही होणार नाही. मात्र दारावर 3 फूट बाय दीड फुटाचा झरोका सोडला आणि माजघराची पूर्वेची खिडकी उघडी ठेवली, तर समोरासमोरच्या मोकळ्या खिडक्यांच्या दोन तृतीयांश हवा मिळते. लाकडी पट्ट्या तिरक्या बसवल्या की नजरही जात नाही. आवाज मात्र जातो. माजघरात टीव्ही असेल तर हा पर्याय भांडणाचा ठरू शकतो.

झरोका पश्चिमेच्या खिडकीच्या बरोबर समोर नको, दोन-तीन फूट सरकवून हवा. अगदी समोरासमोर असलं की झोत सरळ निघून जातो आणि पलंगाचा कोपरा कोरडाच राहतो. डासांची जाळी मंद वाऱ्यात बरीच हवा अडवते, म्हणून जाळी असेल तर झरोका आणखी मोठा घ्यावा. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर दोन-चार फुटांवर छातीभर उंचीचा गडगा घालू नका. वारा त्याच्यावरून उडी मारून छपरावर जातो. माडाच्या खोडांमधून तो येतो, कलमाच्या घेरातून येत नाही.

माझं मत वहिनींना सांगितलं ते असं: एक खिडकी पश्चिमेला, दुसरी उत्तरेला पण पाख्याची, आणि दारावर झरोका. दुसऱ्या खिडकीच्या किमतीत झरोका कसा बसवायचा, हा त्यांचा पुढचा प्रश्न. दोन्ही खिडक्या 4 ऐवजी साडेतीन फुटांच्या घ्या, म्हटलं. दोन्ही पाख्याच्या घेतल्या तर प्रत्येकी पूर्ण 12 चौरस फूट उघडतात, सरकत्यापेक्षा जास्तच.

भिंती झाल्यावर, छत पडल्यावर पण गिलाव्याआधी एकदा दुपारी तीनला आणि एकदा रात्री दहाला उदबत्ती घेऊन खोलीत जा. धूर पश्चिमेच्या खिडकीजवळ धरा. खोली ओलांडून झरोक्यातून गेला तर ठीक. पलंगाच्या जागी वर तरंगत राहिला तर झरोका मोठा करायचा, आणि तेव्हा दोन चिरे काढणं सोपं असतं. संध्याकाळी वारा पडल्यावर मात्र ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा कुठल्याच खिडकीचं काही चालत नाही, पंखा लागतोच.

परवा भावाने फोटो पाठवला. उत्तरेच्या चौकटीवर सुताराने खडूने खूण केली आहे: "बिजागरी इकडे, समुद्राकडे."