चवथीआधीचा मिक्सर: फ्लॅश सेल, प्रोमो कोड की वॉलेटचा कॅशबॅक?

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत मिक्सरचा विषय निघतो. वर्षभर कसाबसा चाललेला मिक्सर खतखत्याच्या आणि पातोळ्यांच्या दिवसांत दगा देणार, हे घरच्या बाईला आधीच कळलेलं असतं. आपली अडचण अशी की ऑनलाइन कंपन्यांचे मोठे सेल बहुतेक नवरात्र-दिवाळीच्या सुमारास लागतात आणि आपली खरेदी त्याच्या आधी, श्रावण-भाद्रपदात आटपावी लागते. त्या वेळी हाताशी उरतात त्या तीनच गोष्टी: पंधरा ऑगस्टच्या आसपासचा एखादा फ्लॅश सेल, बँकेचा किंवा ॲपचा प्रोमो कोड, आणि वॉलेटमध्ये येणारा कॅशबॅक. या तिन्हींच्या वाटेला मी गेलो आहे. एकच मिक्सर समोर ठेवून कुठे काय हाती लागतं ते सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण अटी अशाच असतात.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे एमआरपी. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते आणि त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. खाली कितीही उतरायला मोकळीक आहे. ती किंमत ठरवतो बनवणारा. त्यामुळे घरगुती उपकरणांत असं सर्रास होतं, की छापील किंमत ६,४९५ रुपये आणि वस्तू बाराही महिने ३,९०० ला मिळते. मग फ्लॅश सेलमध्ये तीच ३,५९९ ला लागली की पाटीवर ‘४५ टक्के सूट’ लिहितात. हिशेब चुकीचा नाही, पण तो ज्या किमतीवर केला ती किंमत कुणी कधी दिलेलीच नसते. तुमची खरी बचत ३०१ रुपये, म्हणजे आठ टक्क्यांच्याही आत.

ही ‘बाराही महिन्यांची’ किंमत शोधणं हे या सगळ्यातलं खरं काम आहे. किमतींचा इतिहास आलेखात दाखवणाऱ्या साइट्स आहेत, त्यांवर वस्तूची लिंक टाकली की मागचे काही महिने दिसतात. त्यात सगळ्यात खालचा आकडा शोधत बसू नका. रेघ जास्तीत जास्त दिवस कुठे सपाट राहिली ते बघा. सेलच्या आठ-दहा दिवस आधी रेघ ३,९०० वरून ४,४०० ला चढलेली असेल आणि सेलच्या दिवशी ३,८५० ला ‘उतरली’ असेल, तर तो सेल तुमच्यासाठी पन्नास रुपयांचाच आहे. आलेख नको असेल तर वस्तू तीन आठवडे आधी विशलिस्टमध्ये टाका आणि किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आपल्याकडे दुसरंही एक माप आहे. चवथीच्या तोंडावर म्हापशाच्या, डिचोलीच्या, फोंड्याच्या दुकानांत ऑफर लागलेल्या असतात. मॉडेल क्रमांक सांगून तोंडी भाव विचारला तर खरा बाजारभाव दोन मिनिटांत कळतो. फक्त क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ऑनलाइनसाठी काढलेल्या मॉडेलचा रंगरूप तोच असतो, पण एक भांडं कमी किंवा मोटर साडेसातशे वॉटऐवजी पाचशेची असू शकते. रोज नारळ वाटायचा असेल तर हा फरक तीनशे रुपयांपेक्षा मोठा आहे.

फ्लॅश सेल सरसकट खोटा असतो असं मी म्हणणार नाही. जुनं मॉडेल संपवायचं असलं की खरंच चांगला भाव मिळतो. पण त्यातलं घड्याळ मला विश्वासाचं वाटत नाही. ‘१८ मिनिटं उरली’ असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पान पुन्हा उघडा. घड्याळ परत तिथेच असेल तर ते मालासाठी नाही, तुमच्यासाठी लावलंय. ग्राहकांना फसवणाऱ्या अशा रचनांवर केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत आणि त्यांतला पहिलाच खोटी घाई लावण्याचा आहे. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी घालणंही त्याच यादीत आहे. घाईत असलेला माणूस नेमकं तेच बघायचं विसरतो, म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरची प्रत्येक ओळ वाचावी.

आता कॅशबॅक. माझं मत कुठे झुकलं ते इथेच झुकलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तोच मिक्सर ३,९०० ला आहे आणि वर लिहिलंय ‘२० टक्के कॅशबॅक, कमाल ६०० रुपये’. वीस टक्के म्हणजे ७८०, पण मर्यादा सहाशेची, म्हणजे मिळणार सहाशे. मनात आपण लगेच ३,३०० धरतो. तिन्हींत हाच सगळ्यात स्वस्त दिसतो. पैसे मात्र खात्यातून पूर्ण ३,९०० जातात. सहाशे येतात ते ॲपच्या प्रोमो शिल्लकीत, कधी त्याच दिवशी, कधी परत करण्याची मुदत संपल्यावर. आणि ते आल्यावर, शिल्लकीच्या आकड्याशेजारच्या बारीक खुणेवर बोट ठेवलं की अटी उघडतात: एका ऑर्डरला कमाल ५० रुपये वापरता येतील, ऑर्डर किमान ४९९ ची हवी, मुदत ३० दिवस.

हे गणित कागदावर मांडून बघा. सहाशे रुपये पन्नास-पन्नासने संपवायला बारा ऑर्डरी लागतात. प्रत्येक ऑर्डर ४९९ ची धरली तर महिन्याभरात सुमारे सहा हजारांची खरेदी झाली. घरातून महिन्याला अशा चारच ऑर्डरी जात असतील तर हाती लागतात दोनशे, बाकीचे चारशे तिसाव्या दिवशी पुसले जातात. म्हणजे मिक्सर पडला ३,७०० ला. जो सगळ्यात स्वस्त दिसत होता तोच सगळ्यात महाग निघाला.

मला खुपलं ते पैसे कमी मिळाले म्हणून नाही. वापरण्याची अट खरेदीच्या पानावर न दाखवता पैसे जमा झाल्यावर दाखवतात, याची मला चीड आली. खरेदी करताना ‘अटी लागू’ एवढंच होतं. आणि मग शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी फोनवर निरोप: तुमचे ४०० रुपये संपणार आहेत. जे पैसे माझे आहेत असं मला सांगितलं, ते वाचवण्यासाठी मी अजून हजारो खर्च करावेत अशी ती रचना आहे. घरी आईलाही तोच निरोप आला की ती विचारायची, बाबा, कायतरी मागवूया काय, पैसे फुकट जातले. नको असलेली वस्तू घरात येते ती अशी.

इथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. वॉलेटमध्ये तुम्ही स्वतः भरलेल्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू असतात, आणि शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष ती शिल्लक वैध राहते. प्रोमो शिल्लक मात्र कंपनीने दिलेली सवलत, तिची मुदत कंपनीच्या अटींप्रमाणे. स्क्रीनवर दोन्ही एकाच बेरजेत दाखवतात, म्हणून ‘तपशील’ उघडून वेगळी बघावी.

शिवाय मिक्सरचं भांडं फुटकं आलं आणि वस्तू परत केली, तर कॅशबॅक मागे घेतला जातो. तोवर त्यातले दोनशे वापरले असतील तर परताव्यातून तेवढे कापून ३,७०० मिळतात. हे तत्त्वतः रास्त आहे. पण महिनाअखेरीस खात्यात कमी रक्कम दिसली की तिचा माग काढायला कस्टमर केअरशी तासभर बोलावं लागतं.

प्रोमो कोडचं मला आवडतं ते एवढंच, की जे काय व्हायचं ते पैसे भरण्याआधी होतं. ‘१० टक्के, कमाल ३५०, किमान खरेदी ३,०००’ असा कोड टाकला की ३,९०० चे ३,५५० होतात आणि तेवढेच जातात. पुढच्या महिन्याचं देणंघेणं उरत नाही. आपल्या उदाहरणात फ्लॅश सेल ३,५९९, कॅशबॅक ३,७००, कोड ३,५५०. फरक फार नाही हे खरं, आणि एखाद्या दिवशी फ्लॅश सेल शंभराने पुढे जाईलही. पण कोडचा आकडा मला बटण दाबण्याआधी दिसतो.

कोडमध्येही खाचा आहेत. काही कोड फक्त नव्या ग्राहकासाठी असतात, काही फक्त ईएमआयवर चालतात. ईएमआयवाला असेल तर प्रोसेसिंग फी बघा. ती १९९ रुपये असली तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३५ होते, आणि ३५० च्या सवलतीतले उरतात ११५. ‘विनाव्याज’ म्हटलं तरी आतल्या व्याजावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. बँकेच्या ऑफरमध्ये ‘इन्स्टंट डिस्काउंट’ आणि ‘कॅशबॅक’ हे दोन शब्द नीट वाचा, दुसरा असेल तर पैसे कार्डावर यायला दोन-तीन महिने लागू शकतात. किमान खरेदीला थोडे रुपये कमी पडतात म्हणून गाळणी, डबे टोपलीत घालू नका. नंतर त्यातली एक वस्तू परत केली तर सवलत वाटून कापली जाते आणि परतावा अपेक्षेपेक्षा कमी येतो. मिक्सर एकटाच मागवावा. कोड गोळा करणाऱ्या साइट्सवर बहुतेक मेलेले कोड असतात. चालणारे कोड ॲपच्या ऑफर पानावर आणि बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये मिळतात.

ज्यांच्या घरी किराणा, रिचार्ज, औषधं सगळं एकाच ॲपवरून दर आठवड्याला येतं, त्यांना कॅशबॅक बऱ्यापैकी वसूल होतो. पणजी-मडगावात असा संसार शक्य आहे. आमच्यासारखं डिचोलीच्या आतल्या गावात राहणाऱ्याला, जिथे भाजी दारात येते आणि किराणा दुकानदाराच्या वहीवर लिहिला जातो, तो पुरा वापरणं कठीण. वॉलेटची ऑफर घ्यायचीच असेल तर खरेदीआधी मदत विभागाला एवढंच लिहून विचारा: एका ऑर्डरला किती वापरता येईल आणि मुदत किती. उत्तराचा आणि ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे अट बदललेली दिसली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना ऑर्डर क्रमांकासोबत तोच पुरावा जोडता येतो.