क्षमता खरी निघाली, तरीही फसलो: ड्रिलच्या सेलचा अनुभव

माझ्या 18 व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी निकामी झाल्यावर, पॅक नव्याने बांधण्यासाठी मी एका विक्रेत्याकडून 18650 आकाराचे पाच लिथियम-आयन सेल घेतले. त्यांच्या वेष्टनावर ‘3500 mAh, 30A’ असे छापलेले होते. शंका आल्यामुळे मी क्षमता मोजून मागितली, तेव्हा त्याने एक सेल चार्जरवर अर्ध्या अँपिअरने रिकामा करून दुसऱ्या दिवशी 3400 चा आकडा दाखवला, आणि मी निश्चिंतपणे पैसे दिले. तो आकडा खोटा नव्हता. फसवणूक 30A या, म्हणजे सेल किती प्रवाह देऊ शकतो हे सांगणाऱ्या, दुसऱ्या आकड्यात होती आणि तो मी तपासलाच नाही.

पॅक बांधून सागाच्या फळीत मोठे भोक पाडायला घेतले, तर ड्रिल दोन-तीन सेकंदांत थांबे, सोडून पुन्हा दाबले की चाले आणि पुन्हा थांबे. सेल मात्र हाताला चटका बसावा इतके तापत. जुन्या पॅकमधील सेल फक्त 2500 mAh चे असूनही त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले होते.

कारण सेलच्या आत आहे. डब्याची जागा ठरलेली असते. धातूच्या फॉइलवर सक्रिय पदार्थाचा लेप जाड दिला, तर फॉइल आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा सेपरेटर कमी लागतात आणि उरलेल्या जागेत साठवण वाढते. हा एनर्जी सेल, ज्यात एका बाजूचा लेप साधारण 80 ते 100 मायक्रॉनपर्यंत जातो. पॉवर सेलमध्ये लेप याच्या सुमारे निम्मा असतो, त्यामुळे गुंडाळलेली पट्टी लांब होते, तोच प्रवाह जास्त क्षेत्रफळावर वाटला जातो आणि लिथियमच्या आयनांना लेपाच्या छिद्रांतून कमी अंतर कापावे लागते. जाडी दुप्पट झाली की आयन लेपात पसरत जाण्याचा हा वेळ दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतो. म्हणून जोराचा प्रवाह मागितल्यावर जाड लेपाचा खोलवरचा भाग मागे पडतो.

माझ्या सेलचा भाराखालचा रोध सुमारे 60 मिलिओहम निघाला. ड्रिल अडकताना 20 अँपिअर ओढते, म्हणजे प्रत्येक सेलमागे 1.2 व्होल्टची घट, 3.6 व्होल्टचा सेल 2.4 वर येतो आणि 2.5 व्होल्टला तोडणारे संरक्षक सर्किट आपले काम चोख करते. शिवाय एकेका सेलमध्ये 24 वॅटची उष्णता होते, ती वेगळीच. जुन्या पॅकसारख्या पॉवर सेलचा रोध 25 मिलिओहम धरला, तर घट अर्धाच व्होल्ट येते.

तेव्हा अवजारासाठी सेल घेताना संथ गतीची क्षमता-चाचणी पुरेशी मानू नये. विक्रेत्यासमोर सेलला काही सेकंद 10 अँपिअरचा भार लावून व्होल्टेज किती पडते ते पाहावे. माझ्या सेलमध्ये ते 0.6 पडले असते. 3500 आणि 30 हे दोन्ही आकडे एकाच 18650 सेलवर दिसले, तर निर्मात्याचे माहितीपत्रक मागावे.

विक्रेत्याने “क्षमता तुमच्यासमोरच मोजली” म्हणून सेल परत घेतले नाहीत. सध्या ते माझ्या कार्यशाळेतील एका दिव्याला एक अँपिअरहून कमी प्रवाह देतात आणि तिथे कोमट सुद्धा होत नाहीत.