मंडपवाल्यानं जनरेटर घ्यावा तो ब्रशचा की कपॅसिटरचा?

अमळनेर-चोपडा पट्ट्यात मंडप-साउंडचं काम करताना दोन्ही प्रकारचे छोटे पेट्रोल जनरेटर वापरून झाले. एकात व्होल्टेज आपोआप सांभाळणारा एव्हीआर आणि फिरत्या रोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश, दुसऱ्यात ब्रशच नाहीत, नुसता कपॅसिटर. नवा घेणारे विचारतात, कोणता?

व्होल्टेजच्या बाबतीत एव्हीआर सरस, यात वाद नाही. हॅलोजन लावा, काढा, साउंडला फारसा फरक जाणवत नाही. कपॅसिटरवाल्यात इंजिनाचा वेग जरा पडला की व्होल्टेजही पडतं, आणि कूलर-मोटार सुरू होताना तर दिवे हमखास मंदावतात.

माझा निर्णय मात्र चातुर्मासानं केला. आषाढीपासून आमचा धंदा बसतो आणि जनरेटर गोडाऊनच्या ओलीत उभा राहतो. तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच सुपारीला दोरी ओढायची. इंजिन झकास चालतं, पण मंडपात अंधार.

एकदा लोड काढून मीटर लावला तर जेमतेम ४ व्होल्ट. म्हणजे रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व शाबूत होतं, रोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे फील्डला, करंट पोचत नव्हता. इंजिन बंद केलं, एव्हीआरच्या दोन्ही वायर ब्रशवरून काढल्या आणि ब्रशांमधला रेझिस्टन्स मोजला, तर सर्किट तुटलेलं. तेच प्रोब थेट ब्रश जिथं घासतात त्या रोटरच्या दोन्ही स्लिप रिंगवर टेकवले तर ५० ओहमच्या आसपास. रोटर ठणठणीत, दोष ब्रश आणि रिंगच्या मधे. रिंग काळपट पडलेल्या, एक ब्रश होल्डरमध्ये अडकलेला. बारीक पॉलिश पेपरनं रिंग घासल्या (एमरी नको, तिची पूड करंट वाहते), ब्रश मोकळा केला आणि २३० आले. ब्रश ठीक असूनही काही येत नसेल, तर एव्हीआर सोडवून चालत्या जनरेटरच्या ब्रशला क्षणभर १२ व्होल्टची बॅटरी द्यावी, प्लसला प्लस. आउटपुट चांगलं वर चढलं तर रोटर आणि वाइंडिंग बरी आहेत, संशय एव्हीआरवर घ्यायचा. पण हे सगळं वरात दारात असताना करायचं!

कपॅसिटरवाल्यात झिजायला, अडकायला ब्रशच नाही. कपॅसिटर मेला तर तिथंही जेमतेम काही व्होल्ट येतात. मग इंजिन बंद करून, बल्ब लावून तो डिस्चार्ज करायचा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा रनिंग कपॅसिटर बसवायचा. मोटारीचा स्टार्टिंगवाला चालत नाही, तो तापून फुटतो. असा कपॅसिटर तालुक्याला कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतो, एव्हीआरसाठी मला जळगाव गाठावं लागलं. रोटरमधला डायोड गेला तर मात्र रोटर बाहेर काढावा लागतो, ते काम घरचं नाही.

जनरेटर रोज चालत असेल, किंवा डिजिटल मिक्सर नि एलईडी वॉल असेल, तर बहुधा एव्हीआरच बरा. पण चार महिने झाकून ठेवायचा असेल, तर मी कपॅसिटरवालाच उचलेन आणि साउंडला वेगळा स्टॅबिलायझर देईन.